साखरपुड्याचा आशीर्वाद आणि शुभेच्छा: कोणी कोणाला, कोणत्या शब्दांत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यागोत्यातल्या पत्रिका आणि शुभेच्छापत्रं माझ्याकडे नजर टाकायला येतात. साखरपुड्याच्या मजकुरात चुका बहुधा त्याच त्याच असतात. शब्द गोड असतात, पण म्हणणारा आणि ऐकणारा यांच्या नात्याशी ते जुळत नाहीत. वारंवार आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देते आहे.

आशीर्वाद, शुभेच्छा आणि अभिनंदन यांत नेमका फरक काय?

आशीर्वाद वयाने किंवा नात्याने मोठी व्यक्ती लहान व्यक्तीला देते. शुभेच्छा कोणीही कोणालाही देऊ शकतं. अभिनंदन घडलेल्या गोष्टीबद्दल होतं आणि शुभेच्छा पुढे घडायच्या गोष्टीसाठी असतात. साखरपुड्यात दोन्ही असतात: लग्न ठरलं हे घडून गेलेलं आणि संसार पुढे आहे. म्हणून "लग्न ठरल्याबद्दल अभिनंदन आणि पुढच्या आयुष्यासाठी शुभेच्छा" हे वाक्य साधं असलं तरी अगदी बरोबर आहे. "भावी आयुष्याबद्दल अभिनंदन" मात्र कानाला खटकतं, कारण जे अजून घडलं नाही त्याबद्दल अभिनंदन कसं करणार?

सगळ्यांत जास्त गल्लत आशीर्वादाची होते. पंचविशीतली मुलगी स्वतःपेक्षा मोठ्या चुलतभावाला "माझे आशीर्वाद सदैव तुझ्या पाठीशी" असं लिहून मोकळी होते. तिच्या मनात प्रेमच असतं, पण घरातली मोठी माणसं ते वाचून क्षणभर थबकतात. धाकट्याने मोठ्याला शुभेच्छा द्याव्यात, वाटलं तर "तुमच्यासाठी देवाकडे मागणं आहे" असं म्हणावं. समवयस्क मित्रमैत्रिणींनीही शुभेच्छाच द्याव्यात. मुलामुलीच्या आईवडिलांना लिहिताना, ते वयाने बरोबरीचे असोत की मोठे, आशीर्वादाचा शब्द येतच नाही. त्यांचं अभिनंदन करायचं असतं.

जोडीला तू म्हणू, तुम्ही म्हणू की आपण?

इथे मराठी आपल्याला एक सोय देते. दोघांना मिळून बोलताना क्रियापद अनेकवचनीच होतं, आणि एकाला आदराने बोलतानाही तेच रूप येतं. "सुखी राहा" हे दोन लहानग्यांनाही म्हणता येतं आणि एका अहो-जाहो करण्याच्या माणसालाही. त्यामुळे मुलाला आपण अरे-तुरे करतो पण मुलीला एकदाच भेटलो आहोत, अशी अडचण असेल तर दोघांना मिळून एकच मजकूर लिहावा. "तुम्ही दोघं" म्हटलं की जवळीकही राहते आणि कोणाचा मानही जात नाही.

वेगवेगळं लिहायचं झालं की प्रश्न उभा राहतो. बऱ्याच घरांत होणाऱ्या सुनेला पहिल्या दिवसापासून "तू" म्हणतात आणि होणाऱ्या जावयाला "तुम्ही". हल्ली काही घरं दोघांनाही "तू" म्हणतात, काही दोघांनाही "तुम्ही". माझं मत असं की साखरपुड्याच्या दिवशी दोघांना सारखंच संबोधन वापरावं, कारण त्या दिवशी दोन्ही घरची माणसं शेजारी बसून ऐकत असतात आणि फरक लगेच जाणवतो. घरात रोज काय म्हणायचं ते पुढे आपोआप ठरतं.

"आपण" हा शब्द जपून वापरावा. "आपणांस हार्दिक शुभेच्छा" हे कार्यालयातून आलेल्या पत्रासारखं वाटतं. संस्थेच्या वतीने लिहिताना किंवा फारशी ओळख नसलेल्या घरी पाठवताना ते शोभतं. मावशीने भाचीला तसं लिहिलं तर भाचीला वाटेल, मावशी रुसली की काय.

"इच्छा पूर्ण होवो" की "होवोत"?

होवोत. आशीर्वादाच्या वाक्यात हा "त" फार वेळा गळतो. मागणं करणारं हे क्रियापद एकवचनात ओकारान्त असतं: लाभो, मिळो, राहो, होवो. कर्ता अनेकवचनी असला की शेवटी "त" येतो: "सगळी स्वप्नं साकार होवोत", "तुमच्या इच्छा पूर्ण होवोत". "तुमचा संसार सुखाचा होवो" इथे संसार एकच आहे, म्हणून "होवो" बरोबर. "सुख, समाधान आणि आरोग्य लाभो" अशी माळ असेल तर बोलण्यात एकवचन सर्रास चालतं, ती सगळी मिळून एकच देणगी आहे असं आपण धरतो. कर्ता उघड अनेकवचनी असेल तेव्हा मात्र "त" सोडू नये.

देवाचं नाव घेताना क्रियापद एकवचनी राहतं: "देव तुमचं भलं करो." देवाशी मराठी माणूस एकेरीतच बोलतो.

ओकारान्त रूप थोडं भारदस्त आहे. घरगुती बोलण्यात "सुखात राहा", "एकमेकांना जपा" अशी साधी आज्ञार्थी रूपं येतात. "तुम्ही दोघांनी सुखाने संसार करावा" हा तिसरा प्रकार, जरा मागे उभं राहून केलेल्या इच्छेसारखा, आणि भाषणात तो फार छान बसतो. एका छोट्या मजकुरात तिन्ही प्रकारांची सरमिसळ केली तर वाचणारा अडखळतो. मजकुराचा सूर एकच ठेवावा.

संस्कृत आशीर्वाद म्हणायचे असतील तर?

मग लिंग आणि वचन सांभाळावं लागतं, आणि नेमकी तिथेच मोठ्या माणसांचीही चूक होते. "आयुष्मान् भव" हे मुलाला, मुलीला "आयुष्मती भव". "यशस्वी भव" मुलाला, "यशस्विनी भव" मुलीला. "भव" हे एकाच व्यक्तीला उद्देशून आहे. जोडी वाकून एकत्र नमस्कार करते तेव्हा ते व्याकरणात बसत नाही, आणि दोघांसाठीचं संस्कृत रूप कोणाच्या तोंडी नाही.

म्हणून जोडीसाठी "शुभं भवतु" किंवा "कल्याणमस्तु" म्हणावं. पहिल्याचा अर्थ शुभ होवो, दुसऱ्याचा कल्याण असो. यांत समोर एक माणूस आहे की दहा, पुरुष की स्त्री, याचा संबंधच येत नाही. मराठीतच म्हणायचं तर "औक्षवंत व्हा" आहे. जुनं आहे, पण आजीच्या तोंडून ऐकलेलं असतं म्हणून अजूनही मनाला भिडतं.

"नांदा सौख्यभरे" साखरपुड्याला चालेल का?

चूक नाही, पण घाई आहे. नांदणं म्हणजे लग्नानंतर एकत्र संसार करणं. ते लग्नाच्या दिवसासाठी राखून ठेवावं, तेव्हा त्याला वजन येतं. "नवदांपत्य" आणि "नवविवाहित" हे शब्दही अजून लागू होत नाहीत. "नियोजित वधू-वर" किंवा नुसतं "तुम्ही दोघं" म्हणावं. "दोनाचे चार हात" हा लग्नाचा वाक्प्रचार, म्हणून साखरपुड्याला म्हणायचं तर "लवकरच दोनाचे चार हात होणार" असं भविष्यात म्हणावं.

मुलीच्या नावाआधी काय लिहायचं: सौ., कु. की चि. सौ. कां.?

"सौ." लग्नानंतर. साखरपुडा झाला म्हणून ते लावू नये. घरच्या पत्रिकेत मुलाच्या नावाआधी "चि." म्हणजे चिरंजीव आणि मुलीच्या नावाआधी "चि. सौ. कां." म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी असं लिहितात. कांक्षिणी म्हणजे इच्छा धरणारी, म्हणजे जिचं लग्न व्हायचं आहे ती. ही उपपदं लावण्याचा मान घरातल्या मोठ्यांचा असतो. धाकट्या भावाने शुभेच्छापत्रावर "चि. दादा" लिहू नये, मैत्रिणीनेही मैत्रिणीला "चि. सौ. कां." लिहू नये. मित्रांनी नुसती नावं किंवा "प्रिय" लिहावं.

मोठ्यांना लिहिताना "ती." म्हणजे तीर्थरूप हे फक्त स्वतःच्या आईवडिलांसाठी. मामा, काका, होणारे सासू-सासरे यांच्यासाठी "ती. स्व." म्हणजे तीर्थस्वरूप. हा फरक आता थोड्याच लोकांच्या लक्षात असतो, पण ज्या घरी पाठवायचं तिथे एखादे जुन्या वळणाचे आजोबा असले तर ते नक्की पाहतात. मुलीची आई एकटी असेल तर "सौ." न लिहिता "श्रीमती" लिहावं. निमंत्रितांच्या यादीवरून नावं उतरवून काढताना ही चूक होते आणि ती वाचणाऱ्याला लागते.

एखादा पूर्ण मजकूर तपासून दाखवाल का?

एका मैत्रिणीच्या मामेभावाचा साखरपुडा होता. तो तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, ती त्याला दादा म्हणते. होणाऱ्या वहिनीला ती एकदाच भेटली होती. तिने लिहिलेला मजकूर असा होता:

"चि. दादा आणि सौ. वहिनी, तुमच्या साखरपुडा निमित्त हार्दीक शुभेच्छा. तुम्ही एकमेकांसाठीच बनलेले आहात. नवदांपत्याच्या सर्व इच्छा पूर्ण होवो. माझा आशिर्वाद कायम आहे. नेहमी खुश रहा, कोणाची नजर न लागो."

आता एकेक पाहू. "चि." आणि "सौ." दोन्ही काढायची, कारणं वर आलीच आहेत. "साखरपुडा निमित्त" नव्हे, "साखरपुड्यानिमित्त": शब्दयोगी अव्यय लागताना शब्दाचं सामान्यरूप होतं आणि ते जोडून लिहितात. "हार्दिक" मधला "दि" ऱ्हस्व. "आशीर्वाद" मधला "शी" दीर्घ, पण धाकट्या बहिणीच्या मजकुरात तो शब्दच नको. "होवो" चं "होवोत". "रहा" आणि "राहा" ही दोन्ही आज्ञार्थी रूपं लेखनाच्या नियमांत मान्य आहेत, तिथे चूक काढण्याचं कारण नाही.

उरतात ती तीन वाक्यं, ज्यांच्यात एकही लेखनदोष नाही तरी ती मराठी वाटत नाहीत. "एकमेकांसाठी बनलेले" हे बाहेरून आलेलं आहे. मराठीत जोडा अनुरूप असतो, शोभून दिसतो, लक्ष्मी-नारायणासारखा असतो. "खुश" ऐवजी आनंदात. "नजर" ऐवजी दृष्ट, आपल्याकडे दृष्टच लागते आणि दृष्टच काढतात.

शेवटी तिने पाठवलेला मजकूर:

"दादा आणि वहिनी, साखरपुड्यानिमित्त तुम्हां दोघांना मनःपूर्वक शुभेच्छा. तुमचा जोडा इतका शोभून दिसतो की दृष्ट काढावीशी वाटते. तुमची सगळी स्वप्नं साकार होवोत. वहिनी, तुमच्याशी निवांत गप्पा मारायच्या राहिल्या आहेत, त्यासाठी लग्नापर्यंत थांबवणार नाही."

शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. संपूर्ण मजकुरात वहिनीने तेच पुन्हा पुन्हा वाचलं असं तिने मला नंतर सांगितलं, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. आधीची वाक्यं कोणीही कोणालाही लिहू शकतं.

मामा-मामींना तिने वेगळं लिहिलं: "मामा, मामी, दादाचं लग्न ठरलं, तुमचं मनापासून अभिनंदन. वहिनी आपल्या घरात येणार याचा आम्हां सगळ्यांना फार आनंद झाला आहे." इथे "आपल्या" हा शब्द महत्त्वाचा. "तुमच्या घरात" म्हटलं असतं तर भाचीने स्वतःला घराबाहेर ठेवलं असतं. उलट शेजाऱ्यांनी लिहिताना "तुमच्या घरात" हेच योग्य.

आजीचा आशीर्वाद लिहून घ्यायचा आहे. तिची भाषा सुधारावी का?

नको. आजी "तुमचं दोघांचं बरं होऊ दे, गुण्यागोविंदानं राहा" म्हणाली तर तसंच उतरवा. "होऊ दे" चं "होवो" करू नका, "राहा" च्या जागी "वास्तव्य करा" तर नकोच. तिच्या गावाकडची बोली असेल तर तीही तशीच ठेवा. प्रमाण भाषेत घातलं की आशीर्वाद तिचा राहत नाही, लिहून घेणाऱ्याचा होतो.

जुने आशीर्वाद आता खटकतात. काय करावं?

"अखंड सौभाग्यवती भव" हा आशीर्वाद मुलीला दिला जातो, पण त्यातलं मागणं नवऱ्याच्या आयुष्याचं असतं. काही मुलींना तो आपलासा वाटतो, काहींना नको असतो. माझा नियम असा: मोठ्यांनी मनापासून दिला तर नमस्कार करून घ्यावा, वाद घालण्याची ती वेळ नाही. पण आपण स्वतः लिहीत असू आणि मुलीचं मन माहीत नसेल तर दोघांसाठी सारखा असलेला आशीर्वाद निवडावा. "दोघंही दीर्घायुषी व्हा, एकमेकांच्या सोबतीने मोठे व्हा" यात कोणाचं काही कमी होत नाही. पुत्रवती होण्याचे किंवा गोड बातमीचे उल्लेख साखरपुड्यात टाळावेत. अजून लग्नही व्हायचं आहे.

दोन्ही घरं मराठीच आहेत, पण धर्म किंवा परंपरा वेगळी आहे. शब्द बदलावे लागतील का?

काही बदलावे लागतील. बौद्ध घरात "भवतु सब्ब मंगलं" हे त्यांचं स्वतःचं मंगलवचन आहे. ख्रिस्ती घरात "परमेश्वर तुम्हांला आशीर्वाद देवो" सहज वाटतं, मुस्लिम घरात "मुबारक". ठाऊक नसेल तर देवाचं नाव न घेता "तुमचं मंगल होवो" म्हणावं, ते कुठेही परकं वाटत नाही. लक्ष्मी-नारायणाची उपमाही अशा वेळी बाजूला ठेवावी.

एका घराची भाषा हिंदी आहे. तिथे काय सांभाळायचं?

सगळ्यांत आधी "तुम्ही" सांभाळायचं. मराठीत "तुम्ही" आदराचं आहे, म्हणून मराठी माणूस हिंदी बोलताना नकळत "तुम" वर येतो. हिंदीत "तुम" बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसासाठी असतं. होणाऱ्या व्याह्यांना "तुम बैठो" म्हटलं तर म्हणणाऱ्याच्या मनात मान असतो आणि ऐकणाऱ्याला तो कमी झालेला वाटतो. हे मी आमच्याच नात्यातल्या एका बैठकीत पाहिलं आहे. काकांना शेवटपर्यंत कळलं नाही की समोरचे गप्प का झाले. हिंदी घरातल्या मोठ्यांशी "आप" आणि "बैठिए", "आइए" हीच रूपं वापरायची.

उलट बाजूही आहे. हिंदी घरातली मंडळी मराठीत बोलायचा प्रयत्न करतात तेव्हा "आप" सारखं म्हणून "आपण" म्हणतात, आणि आपल्याला ते फार औपचारिक वाटतं. त्यात दुरावा शोधू नये.

मजकूर लिहिताना दोन्ही भाषा एका वाक्यात मिसळू नयेत. मराठीत "शुभेच्छा", हिंदीत "शुभकामनाएँ". "हार्दिक शुभकामना" हे ना इकडचं ना तिकडचं. माझा सल्ला असा की आशीर्वाद स्वतःच्या भाषेतच द्यावा, कारण तिथे आपली जीभ चुकत नाही, आणि त्यांच्या भाषेतलं एकच वाक्य नीट शिकून शेवटी म्हणावं: "आप दोनों को सगाई की बहुत-बहुत शुभकामनाएँ।" भाषा गुजराती, कन्नड किंवा आणखी कुठली असेल तर ते एक वाक्य त्या घरातल्या माणसाकडून घ्यावं आणि घेताना विचारावं, "मोठ्यांना म्हणायचं तर हेच का?" मुलगा किंवा मुलगी आपल्याला मित्रांमध्ये वापरायचं रूप सांगून जाते, आणि मग आपण ते तिच्या आजोबांसमोर म्हणतो.

मोठ्यांपैकी कोणी दोन शब्द बोलायचे असतील तर किती आणि कसे?

एक मिनिट पुरे. बोलायचं आहे म्हणून "माझं, तुमचं" अशी बोलण्यातली रूपंच ठेवावीत. कागदावर "माझे, तुमचे" लिहून आणलं तर वाचताना अर्धं एक आणि अर्धं दुसरं होतं. एका मावशींसाठी लिहिलेलं असं होतं:

"आमची लेक लहानपणापासून एकदा शब्द दिला की मोडत नाही. आज तिने आयुष्यातला सगळ्यांत मोठा शब्द दिला आहे. जावईबापू, तुम्हीही तितकेच शब्दाचे पक्के आहात हे या दोन महिन्यांत पाहिलं. दोघांनी एकमेकांचं ऐकावं, न पटलं तरी ऐकावं. तुमचं कल्याण होवो."

बोलणारी स्त्री असेल तर "आशीर्वाद देते", पुरुष असेल तर "देतो", पूर्ण घराच्या वतीने "देतो आहोत". दुसऱ्याचा मजकूर पुढे पाठवताना हे बदलायचं राहून जातं आणि आत्याबाई "देतो" लिहून बसतात.

मोठ्यांच्या नावाला प्रत्यय लावताना अनुस्वार द्यायचा का?

हो. आदरार्थी अनेकवचनाला तो लागतो: काकांना, वहिनींना, ताईंचा. "वहिनीना" लिहिलं तर आदर आणि अनुस्वार दोन्ही गेले. "तुम्हांला" वरही नियमाने अनुस्वार आहे, हल्ली बरेच जण तो देत नाहीत. दिला तर बरं.

आणि जोडीने उत्तर काय द्यावं?

समवयस्कांना "मनापासून आभार" पुरतं. मोठ्यांना नुसतं "धन्यवाद" कोरडं वाटतं, कारण आशीर्वादाचे आभार मानत नाहीत, तो घेतात. "काका, काकू, नमस्कार. तुमचे आशीर्वाद असेच पाठीशी असू द्या" असं लिहावं. दोघांच्या नावाने पाठवत असाल तर "आम्हां दोघांचा नमस्कार". आणि आजीला लिहून पाठवू नये, फोन करावा.